एकाच बारचा ग्रेन साइज एकीकडे ६ आणि दुसरीकडे ७.५ का येतो? ग्राइंडिंगपासून मोजणीपर्यंत कुठे काय बघायचं

मंडळी, हा प्रॉब्लेम इतक्या लॅबमध्ये परत परत येतो की एकदा सविस्तर लिहूनच ठेवतो. सप्लायरच्या लॅबने रिपोर्ट दिला ग्रेन साइज नंबर ६, कस्टमरच्या लॅबने त्याच हीटच्या त्याच बारचा तुकडा बघून दिला ७.५, आणि मग दोघंही आपापल्या मायक्रोस्कोपकडे बोट दाखवत बसतात. ज्या केसवरून हे लिहितोय तो बार साध्या लो कार्बन स्टीलचा होता, कार्बन ०.१६ टक्के, नॉर्मलाइझ केलेला, म्हणजे आत फेराइट आणि थोडा पर्लाइट. अगदी सरळ मटेरियल, शिकाऊ पोरांना पहिल्यांदा हातात देतात तसलं. तरी दीड नंबरचा फरक. आणि मजेची गोष्ट ही की तो दीड नंबर कुठून आला ते शेवटी जवळजवळ दशांशापर्यंत सापडलं, म्हणूनच लिहावंसं वाटलं.

सुरुवातीला एक हिशोब डोक्यात पक्का बसवून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर चालतं. एएसटीएम ई ११२ मध्ये नंबरची व्याख्या अशी आहे की १०० पट मोठं करून बघितलं तर एका चौरस इंचात जितके ग्रेन दिसतात ते २ चा (G−१) वा घात. म्हणजे नंबर एकने वाढला की ग्रेनची संख्या दुप्पट. पण आपण बहुतेक वेळा रेषा टाकून मोजतो, आणि रेषेवर एक नंबर म्हणजे सुमारे ३० टक्क्यांचा फरक. रेषेने कापलेल्या ग्रेनपैकी ३० टक्के तुम्हाला दिसलेच नाहीत, शेजारच्या ग्रेनला चिकटून एकच वाटले, तर उत्तर एका नंबरने जाड येतं. निम्मे दिसले नाहीत किंवा मॅग्निफिकेशन दुपटीने चुकलं तर बरोबर दोन नंबर. म्हणून फरक किती आहे हे बघूनच पहिला संशय कुणावर घ्यायचा ते ठरवता येतं. फरक अगदी दोनचा असेल तर सँपल बाजूला ठेवा आणि आधी कॅलिब्रेशन बघा. फरक पाऊण, एक, दीड असा अडनिडा असेल तर बहुतेक वेळा बाउंड्र्याच पूर्ण निघालेल्या नसतात, किंवा मोजताना पर्लाइटचं काय करायचं यात गोंधळ झालेला असतो. आमच्या केसमध्ये दोन्ही होतं.

आता तयारीकडे. बाउंड्री न दिसण्याचं खापर सगळे एचंटवर फोडतात, नायटल जुनं झालं, अॅसिड खराब आलं वगैरे. असतंही कधी कधी. पण जास्त वेळा भानगड त्याच्या कितीतरी आधी झालेली असते. ग्राइंडिंग करताना धातू फक्त कापला जात नाही, थोडा दाबला आणि ओढलाही जातो, आणि प्रत्येक स्क्रॅचच्या खाली एक बिघडलेला थर राहतो जो डोळ्याला दिसत नाही. मऊ फेराइटमध्ये हा थर चांगलाच खोल जातो. पॉलिशिंगला घाई केली की वरचा धातू स्क्रॅचवर पसरतो, खडबडीत भिंतीवर पुट्टी मारल्यासारखं, पृष्ठभाग आरशासारखा चमकतो, आणि बघणारा खूष होऊन एच करायला घेतो. मग एचंट खऱ्या रचनेवर कामच करत नाही, त्या पसरलेल्या थरावर करतो. परिणाम काय, तर बाउंड्र्या पुसट, तुटक, कुठे आहेत कुठे नाहीत.

ओळखायचं कसं? एच केल्यावर १०० पटीला बघा. पॉलिश केल्यावर दिसत नव्हते असे स्क्रॅच एचिंगनंतर एकदम वर आले असतील, समांतर सरळ रेघा, एका ग्रेनमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात न थांबता जाणाऱ्या, तर तो खालचा बिघडलेला थर आहे. खरी बाउंड्री अशी चार ग्रेन ओलांडून सरळ जात नाही. आणि त्या रेघांची दिशा बघितली तर कोणत्या पेपरचा दोष आहे तेही बऱ्याचदा कळतं, अट एकच की तुम्ही प्रत्येक पेपरला सँपल ९० अंशात फिरवलेलं असलं पाहिजे. हे फिरवणं म्हणजे शिस्तीचं नाटक नाही, त्याशिवाय मागचे स्क्रॅच गेले की नाही हे कळायला दुसरा मार्गच नाही.

क्रम सगळ्यांना माहीत असतो, १२०, २२०, ३२०, ४००, ६०० चे सिलिकॉन कार्बाइड पेपर, पाण्याची धार चालू ठेवून. चुकतं ते वेळेत. मागच्या पेपरचे स्क्रॅच दिसेनासे झाले की लोक लगेच पुढे जातात. दिसेनासे झाले म्हणजे फक्त खाच गेली, खालचा थर तसाच आहे. म्हणून स्क्रॅच जायला जितका वेळ लागला तितकाच वेळ त्याच पेपरवर अजून द्यायचा. आणि पेपर मिनिट-दीड मिनिटात बोथट होतो. बोथट पेपर कापत नाही, नुसता घासतो, म्हणजे ज्या थरापासून सुटका हवी तोच अजून तयार करतो. एका पेपरवर दिवसभराची सँपलं काढणं ही बचत नव्हे हो, पुढे पॉलिशिंगला आणि परत परत एचिंगला त्याच्या दसपट वेळ जातो.

इथे एक खाचखळगा आहे तो सांगून ठेवतो. पेपरच्या मागे नुसतं ६०० लिहिलंय की पी ६०० लिहिलंय ते बघा. दोन्ही वेगळ्या पद्धतीचे नंबर आहेत. पी ६०० चे कण सुमारे २६ मायक्रॉनचे, आणि बिना-पी चा ६०० हा साधारण पी १२०० च्या जवळ जातो, म्हणजे १५ मायक्रॉनच्या आसपास. स्टोअरवाल्याने पेपर बदलून आणला आणि नंबर तोच दिसला म्हणून कुणी लक्ष दिलं नाही, तर तुमचा शेवटचा पेपर अचानक बराच जाड झालेला असतो आणि पॉलिशिंगची वेळ मात्र जुनीच. "परवापर्यंत बरोबर येत होतं, आता काय झालं" अशा तक्रारीत हे एकदा तरी तपासाच.

कापणीबद्दल थोडक्यात. कटिंग व्हीलवर पाणी कमी पडलं आणि तोंडावर निळसर पट्टा दिसला तर तो घासून काढत बसू नका, भरपूर कूलंट लावून थोडं आत पुन्हा कापा. हॅकसॉने कापलेल्या तुकड्याला पहिल्या जाड पेपरवर भरपूर वेळ द्या. माउंटिंग बेकेलाइटमध्ये करा नाहीतर कोल्ड माउंट करा, या मटेरियलला फरक पडत नाही, फक्त सँपल आणि माउंटच्या मध्ये फट राहू देऊ नका कारण त्या फटीत पाणी आणि एचंट अडकतं आणि मायक्रोस्कोपखाली ठेवल्यावर हळूच बाहेर झिरपून तपकिरी डाग पाडतं.

६०० झाला की सँपल आणि हात दोन्ही साबणाने धुवा. पेपरचा एक कण डायमंडच्या कापडावर गेला की ते कापड कायमचं स्क्रॅच पाडत राहणार. मग बिनलवेच्या कापडावर ६ किंवा ३ मायक्रॉन डायमंड तीन-चार मिनिटं, त्यानंतर १ मायक्रॉन तितकंच, आणि शेवटी लवदार मऊ कापडावर अल्युमिना नाहीतर कोलॉइडल सिलिका, हे मात्र मिनिटभरच. शेवटच्या मऊ कापडावर जास्त वेळ घालवून मागच्या चुका निघत नाहीत. होतं काय की मऊ फेराइट खाली बसतो, पर्लाइट वर राहतो, कडा गोल होतात आणि फोकस एका ठिकाणी केला की दुसरीकडे जातो.

एचिंग. २ टक्के नायटल म्हणजे ९८ मिली इथेनॉलमध्ये २ मिली कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक अॅसिड. अॅसिड अल्कोहोलमध्ये थेंब थेंब टाकायचं, उलटं कधीच नाही, फ्यूम हूडमध्ये, चष्मा-हातमोजे घालून. लागेल तेवढंच बनवा, शंभर मिली पुष्कळ होतं. कडक करून बाटलीत घट्ट बुच लावून साठवायचा प्रकार करू नका, जास्त टक्क्याचं नायटल बंद बाटलीत दाब धरतं आणि फुटू शकतं, ही ऐकीव भीती नाहीये. सँपल बुडवा, हळू हलवत राहा, चमक जाऊन पृष्ठभाग किंचित धुरकट झाला की बाहेर काढा, पाणी, मग अल्कोहोल, मग गरम हवेचा ब्लोअर तिरका धरून. या स्टीलला पाच ते पंधरा सेकंद लागतात, पण घड्याळावर जाऊ नका, धुरकटपणा बघा. आधी कमी करा, मायक्रोस्कोपखाली बघा, लागलं तर परत बुडवा. कमी एच झालेलं पुढे नेता येतं, जास्त झालेलं परत पॉलिशला न्यावं लागतं.

आणि आता तो मुख्य उपाय, ज्याने ही केस अर्धी सुटली. एकदा एच करून थांबायचं नाही. हलकं एच करा, परत शेवटच्या कापडावर नेऊन ते एचिंग पुसून टाका, परत एच करा, परत पॉलिश, परत एच. दोन-तीन फेऱ्या. होतं असं की एचंट तो पसरलेला थर विरघळवतो, पॉलिश उरलेलं सपाट करतं, आणि प्रत्येक फेरीला खालची खरी रचना थोडी अजून उघडी पडते. मऊ स्टीलला, कमी कार्बनच्या शीटला तर याशिवाय भरवशाचं काही मिळतच नाही असं माझं मत आहे. दोन फेऱ्यांमध्ये चित्र बदललं नाही, स्क्रॅच परत वर आले नाहीत, की समजायचं खऱ्या धातूपर्यंत पोचलो. चित्र बदलत असेल तर अजून पोचलेलो नाही. तीन फेऱ्यांनंतरही स्क्रॅच येतच असतील तर कापडावर वेळ घालवू नका, सरळ ३२० वर परत जा.

त्यानंतरही नायटलची स्वतःची एक खोड उरते. ते सगळ्या बाउंड्र्यांना सारखं खात नाही. शेजारशेजारचे दोन ग्रेन कसे वळलेले आहेत त्यावर मधली रेघ गडद की पुसट हे ठरतं, त्यामुळे काही बाउंड्र्या कायम लाजऱ्या राहतात. म्हणून बाउंड्र्या पूर्ण निघाल्यात की नाही हे मोजायच्या आधी तपासायचं, आणि ते तपासायची एक फार चांगली खूण आहे. फोटो स्क्रीनवर मोठा करा आणि एकेका ग्रेनच्या कडेने बोट फिरवा. बाउंड्र्या साधारणपणे तीन-तीनच्या गाठीत भेटतात, प्रत्येक दोघींत सुमारे १२० अंश. आता जिथे बाउंड्री एकदम कोपरा करून वळते पण त्या कोपऱ्यातून तिसरी रेघ निघत नाही, तिथे तिसरी रेघ असणारच आहे, ती फक्त एच झालेली नाही. तसंच एखादी रेघ ग्रेनच्या पोटात शिरून मध्येच संपते, किंवा एखादा ग्रेन मधे चेपलेला, डमरूसारखा दिसतो, तो एक नसून दोन ग्रेन आहेत. पंचवीस-तीस ग्रेन असे फिरून बघितले आणि त्यात सात-आठ ठिकाणी असे अनाथ कोपरे सापडले तर त्या फोटोवर मोजूच नका. परत बुडवा तीन-चार सेकंद, नाहीतर परत पॉलिश-एचची फेरी. सप्लायरच्या रिपोर्टमधला फोटो आम्ही मोठा करून बघितला तेव्हा तो असल्या कोपऱ्यांनी भरलेला होता, आणि वर नीट बघितलं तर वरच्या डाव्या बाजूला तीन समांतर स्क्रॅचही दिसत होते.

उलट बाजूही आहे. जास्त एच केलं तर प्रत्येक ग्रेन वेगळ्या छटेचा होतो, काही राखाडी काही पांढरे, बाउंड्री जाड होते, पर्लाइट नुसता काळा डाग बनतो आणि त्याची कड आजूबाजूच्या फेराइटवर चढते. हाताने मोजणाऱ्याला हे तरी चालून जातं, पण सॉफ्टवेअर छटा बघून सीमा काढत असेल तर ते ग्रेनच्या आत नसलेल्या रेघा काढतं आणि नंबर बारीक येतो. म्हणजे कमी एच केलं तर नंबर जाड, जास्त केलं तर सॉफ्टवेअरमध्ये नंबर बारीक. सॉफ्टवेअरने काढलेल्या रेघा मूळ फोटोवर ठेवून डोळ्याने बघितल्याशिवाय आकडा लिहू नये, एवढं तरी पाळा.

मॅग्निफिकेशनचं आता. फोटोच्या कोपऱ्यात १०० एक्स लिहिलंय याला काडीचा अर्थ नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर, मधला अॅडॅप्टर, स्क्रीनचा आकार, सगळं मिळून ते ठरतं, आणि फोटो वर्ड फाइलमध्ये टाकून कोपरा ओढला की राहिलेलंही जातं. विश्वास ठेवायचा तो फक्त मायक्रॉन प्रति पिक्सेलवर. स्टेज मायक्रोमीटर घ्या, काचेवर १ मिलीमीटरचे शंभर भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. ज्या ऑब्जेक्टिव्हने फोटो काढणार त्यानेच, कॅमेऱ्याचं जे रिझोल्यूशन वापरणार त्याच रिझोल्यूशनला त्याचा फोटो काढा. आमच्याकडे ५०० मायक्रॉनला १००० पिक्सेल आले, म्हणजे ०.५ मायक्रॉन प्रति पिक्सेल. हाच कॅमेरा अर्ध्या रिझोल्यूशनला ठेवला तर तो १ होतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये जुनाच ०.५ राहिला तर प्रत्येक ग्रेन अर्धा मोजला जातो आणि नंबर पूर्ण २ ने बारीक येतो. वर म्हटलं ना, फरक बरोबर दोनचा असला की इथे बघा, ते याच्यासाठी. आयपीसमधल्या चार्टशी तुलना करणाऱ्यांनाही तेच लागू आहे. चार्ट १०० पटीचा आणि तुम्ही २०० पटीला बघताय, तर चार्टवर जुळलेल्या नंबरात २ मिळवायचे.

आता मोजणी, आणि आमच्या बारचे आकडे. फोटोवर तीन आडव्या रेषा टाकल्या, प्रत्येकी १६०० पिक्सेल म्हणजे ८०० मायक्रॉन, एकूण २४०० मायक्रॉन. ग्रेन गोलसर, सगळ्या दिशांना सारखे होते म्हणून आडव्या रेषा चालल्या. रोल केलेल्या बारचा लांबीच्या दिशेचा काप असेल आणि ग्रेन ताणलेले दिसत असतील तर एका दिशेच्या रेषांनी फसाल, तिथे वर्तुळं टाका नाहीतर दोन्ही दिशांना वेगळं मोजा. रेषेने कापलेला प्रत्येक फेराइट ग्रेन एक, आणि रेषेचं टोक ज्या ग्रेनच्या आत संपतं तो अर्धा.

सप्लायरच्या पद्धतीच्या सँपलवर, म्हणजे घाईचं पॉलिश आणि एकदाच एच, पहिल्या फील्डमध्ये ५६ फेराइट ग्रेन मिळाले. त्यांनी सरळ २४०० भागिले ५६ केलं असणार, ४२.९ मायक्रॉन, आणि त्याचा नंबर येतो ५.८, रिपोर्टमध्ये ६. तेच सँपल ३२० पासून पुन्हा काढून, पॉलिश-एचच्या तीन फेऱ्या करून मोजलं तर त्याच फील्डच्या आसपास ८० ग्रेन. ५६ आणि ८० मध्ये बरोबर ३० टक्क्यांचा फरक, म्हणजे एक नंबर इथेच गेला होता.

पण ८० घेऊनही सरळ भागलं तर ३० मायक्रॉन आणि नंबर ६.८. कस्टमरचा ७.५ अजून दूरच. उरलेला भाग पर्लाइटचा. रेषा २४०० मायक्रॉन आहे खरी, पण त्यातला काही भाग पर्लाइटमधून जातो, तिथे फेराइट ग्रेन नाहीतच. मग ती लांबी फेराइटच्या वाट्याला का टाकायची? पूर्ण लांबी घ्यायची आणि फक्त फेराइट ग्रेन मोजायचे, यात फेराइट उगाच जाड दिसतो. ई ११२ मध्ये दोन घटकांच्या मटेरियलसाठी हेच सांगितलंय की लांबीला आधी त्या घटकाच्या प्रमाणाने गुणा. पर्लाइटचं प्रमाण काढायला फोटोवर १०० बिंदूंची जाळी टाकली, किती बिंदू पर्लाइटवर पडले ते मोजलं, कडेवर पडलेला अर्धा धरला, सगळ्या फील्डचं सरासरी २० टक्के आलं. ०.१६ कार्बनला हे पटण्यासारखंच आहे. मग फेराइटची लांबी २४०० चे ८० टक्के म्हणजे १९२०, भागिले ८०, बरोबर २४ मायक्रॉन. नंबरासाठी ही लांबी मिलीमीटरमध्ये घालायची, मायक्रॉनमध्ये नाही, नाहीतर उत्तर उणे येईल. एक्सेलमध्ये A2 ला मिलीमीटर ठेवा:

```
=-6.643856*LOG10(A2)-3.288
```

०.०२४ टाकलं की ७.४७. म्हणजे ५.८ ते ७.५ या प्रवासात साधारण एक नंबर न निघालेल्या बाउंड्र्यांचा आणि ०.६४ पर्लाइट न वगळल्याचा. दोन्ही चुका एकाच दिशेला होत्या, म्हणून अंतर एवढं वाढलं. त्या उलटसुलट दिशेला असत्या तर दोन्ही लॅबचे आकडे जुळले असते आणि कुणाला पत्ताही लागला नसता, आणि मला खरी काळजी तशा जुळलेल्या रिपोर्टांचीच वाटते.

एका फील्डवर थांबू नका. आम्ही पाच घेतल्या, डोळ्याला छान दिसणाऱ्या निवडून नाही, स्टेज ठरावीक अंतराने सरकवून. ग्रेन आले ८०, ७६, ८५, ७८, ८२. त्यावरून लांब्या २४.०, २५.३, २२.६, २४.६, २३.४ मायक्रॉन, सरासरी २४.० आणि स्टँडर्ड डेव्हिएशन १.०४. पाच फील्डसाठी ९५ टक्के मर्यादा काढायला २.७७६ ने गुणून पाचच्या वर्गमुळाने भागायचं, येतं १.२९ मायक्रॉन, म्हणजे सरासरीच्या ५.४ टक्के. १० टक्क्यांच्या आत असलं की ई ११२ च्या हिशोबाने पुरेसं आहे. बाहेर गेलं तर अजून फील्ड घ्या. आणि फील्ड वाढवूनही आत येत नसेल, काही भागात बारीक आणि काही भागात ठळक जाड ग्रेन असे गट दिसत असतील, तर ते मिश्र ग्रेन आहेत, त्यांची एक सरासरी काढून लिहिणं म्हणजे कस्टमरपासून माहिती लपवणं. तिथे दोन्हींचे नंबर आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ टक्क्यांत वेगळं लिहायचं.

रिपोर्टमध्ये नुसतं "ग्रेन साइज ७.५" लिहू नका. फेराइट ग्रेन साइज, कोणती पद्धत, किती फील्ड, पर्लाइट वगळला की नाही, एचंट कोणता, कापाची दिशा कोणती, एवढं एका ओळीत बसतं. हे लिहिलेलं असतं तर या दोन लॅबचं भांडण फोनवरच मिटलं असतं.

आणि शेवटचा मुद्दा, जो फोर्जिंगवाल्यांनी नीट वाचावा. ड्रॉइंगवर "ग्रेन साइज ५ ते ८" लिहिलेलं असतं तेव्हा बऱ्याचदा त्यांना फेराइट ग्रेन नको असतो, प्रायर ऑस्टेनाइट ग्रेन हवा असतो, म्हणजे तापवताना ऑस्टेनाइटचे ग्रेन किती मोठे झाले होते ते. केस हार्डनिंगच्या स्टीलला त्यासाठी मॅक्वेड-एन टेस्ट करतात, ९२५ अंश सेल्सिअसला आठ तास कार्ब्युराइझ करून सावकाश थंड करतात, मग जुन्या ऑस्टेनाइटच्या बाउंड्रीवर सिमेंटाइटची जाळी बसते आणि ती एच करून मोजतात. क्वेंच-टेंपर केलेल्या सँपलला संपृक्त पिक्रिक अॅसिडच्या पाण्यातल्या द्रावणात थोडं वेटिंग एजंट घालून एच करतात, आणि ते काम नायटलपेक्षा बरंच चिकाटीचं आहे. पिक्रिक अॅसिड कोरडं होऊ देऊ नका, कोरडं झालं की ते स्फोटक असतं. नॉर्मलाइझ केलेल्या बारमध्ये फेराइटचा ७.५ आला म्हणून ऑस्टेनाइटचाही ७.५ असेल असं अजिबात नाही, दोन्हींचा थेट संबंध लावता येत नाही. आमच्या या बारच्या बाबतीत कस्टमरला विचारलं तेव्हा फेराइटच हवा होता हे कळलं, पण विचारावं लागलं. ऑर्डर घेतानाच विचारून घ्या आणि उत्तर मेलवर मागा.

तुमच्याकडे असा फरक येत असेल तर खाली फोटो टाका, पण वर्डमधून कापलेला नको, कॅमेऱ्यातली मूळ फाइल टाका, सोबत स्टेज मायक्रोमीटरचा त्याच सेटिंगचा फोटो, शेवटचा पेपर कोणता होता आणि एच किती वेळा केलं तेवढं लिहा. बाउंड्री पूर्ण निघालीय की नाही ते त्यावरून सांगता येतं.